समोरच्या घरचा वक्ता

रत्नागिरीच्या आंबा प्रक्रियादार मंडळात एक रीत होती. वार्षिक मेळाव्यात वक्त्याचा परिचय त्याच्या स्वतःच्या माणसाने करून द्यायचा नाही. तो द्यायचा समोरच्या घराने, म्हणजे बाजारात ज्याच्याशी त्याची रोजची झटापट चालते त्याने. पूर्वी जो तो आपल्याच साहेबाची आरती ओवाळायचा आणि आरती संपेपर्यंत अर्धा हॉल चहाला गेलेला असायचा. एकदा तर एका कॅनिंगवाल्याने आपल्या मालकाला कोकणचा भाग्यविधाता म्हटलं, आणि बाकीचे सगळे मालक उठून चालते झाले. तेव्हा मंडळाचे सचिव हरिश्चंद्र मयेकर यांनी ही रीत घातली. नाव, शिक्षण, सध्याचं पद आणि विषय एवढंच सांगायचं. विशेषण लावायचं नाही. आपल्या घराचं नाव घ्यायचं नाही. वक्ता पूर्वी दुसऱ्या कुठल्या घरात नोकरीला असेल तर तेही सांगायचं नाही, कारण ते कितीही साधेपणाने सांगितलं तरी ऐकणाऱ्याला टोमणाच वाटतो. प्रश्नोत्तरं परिचय देणाऱ्यानेच चालवायची आणि शेवटी आभारही त्यानेच मानायचे. स्वतः प्रश्न मात्र विचारायचा नाही.

रीत चांगलीच होती. चांगल्या रीतींचा त्रास नेहमी एखाद्यालाच होतो, बाकीच्यांना त्या शोभून दिसतात.

या वर्षी तो त्रास निशिगंधा शिवलकरच्या वाट्याला आला होता. पावसच्या सहकारी सोसायटीच्या कॅनिंग फॅक्टरीत ती क्वालिटी विभागात होती. वक्ता होता दीपक खातू, सागरगंध फूड्सचा जनरल मॅनेजर. सागरगंध हे सोसायटीचं समोरचं घर. एकाच पंचक्रोशीतला आंबा दोघांना लागायचा आणि एकाच दुबईच्या व्यापाऱ्यामागे दोघं धावायचे. दीपक तिकडे जाण्याआधी सोसायटीतच वर्क्स मॅनेजर होता, म्हणजे निशिगंधाचा साहेब. आणि त्याच्या भाषणाचा विषय होता, ‘डबा का फुगतो?’

विषय ऐकला तेव्हा निशिगंधाला हसावं की रडावं ते कळेना. सबंध जिल्ह्यात या विषयावर बोलायचा हक्क कुणाला नसेल तर तो याला, असं तिचं स्पष्ट मत होतं.

चार सीझनपूर्वीची गोष्ट. मे महिन्याची अखेर, पिकलेल्या आंब्याचे क्रेट शेडमध्ये छपरापर्यंत लागलेले, आणि बॉयलरचा दाब पडला. रस नीट तापेना. पंच्याऐंशी अंशांच्या वर गेल्याशिवाय रस डब्यात भरायचा नाही, हे फॅक्टरीत झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. निशिगंधा तेव्हा क्वालिटी प्रमुख होती. ती थर्मामीटर घेऊन दीपकसमोर उभी राहिली आणि लाइन थांबवा म्हणाली. दीपकने तिच्यादेखत सोसायटीचे चेअरमन आप्पा सुर्व्यांना फोन लावला. “बाहेर गाड्यांची रांग लागलीय, लाइन बंद करू नको,” असं आप्पा म्हणाले, ते तिलाही ऐकू आलं. फोन ठेवून दीपक म्हणाला, “भर गो. आंबा काय तुझ्या थर्मामीटरसाठी थांबणार हाय?”

तिने तो माल वेगळा लावला. भरलेले डबे पंधरवडाभर गोदामात ठेवून फुगतात का ते बघायचं आणि मगच बाहेर काढायचे, असा नियमच असतो. पण पुण्याची गाडी आली आणि दीपकने तोही माल चढवून दिला. पुढे पुण्याच्या व्यापाऱ्याच्या गोदामात डबे फुगले आणि काही फुटलेही. रस भिंतीवर उडाला आणि बदनामी सगळ्या कोकणात.

चौकशीत दीपकने सांगितलं की तापमान बघणं हे क्वालिटीचं काम, ते बाईंनी बघितलं नाही. आप्पांनी फोनचं सांगितलं नाही, आणि निशिगंधाने सांगितलं तेव्हा ते छताच्या पंख्याकडे बघत राहिले. निशिगंधाचं प्रमुखपद गेलं. वर्षभरात दीपक सागरगंधमध्ये मोठ्या पगारावर गेला, जाताना दुबईचा व्यापारीही घेऊन गेला. निशिगंधाला धंद्यात नवीन नाव मिळालं, फुगा मॅडम. दुसऱ्या दोन ठिकाणी तिने नोकरी विचारून पाहिली. दोन्हीकडे लोक चांगलं बोलले, चहाही पाजला, आणि नंतर कुणी फोन केला नाही. जहाजावर असलेला नवरा प्रत्येक फोनला सांगायचा, सोड गो ती नोकरी. पण डाग तसाच ठेवून सोडली तर तो कायमचाच झाला, हे त्याला भर समुद्रात कसं कळावं?

आता प्रमुखाची जागा पुन्हा रिकामी होती. कोल्हापूरहून आणलेला माणूस इथल्या दमट हवेला कंटाळून निघून गेला होता. मेळाव्याच्या आठवडाभर आधी आप्पांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

“निशी, दीपकचो परिचय सोसायटीने द्यायचो हाय. तू दे.”

“मी?”

“तूच. कसा ता सांगतो. तू वर उभी राहून त्याचा नाव मानान घेतलंस, एक शब्द वाकडा नाय बोललीस, की लोकांनाच वाटेल, हिच्या मनात काय नाय म्हंजे हिचा तसा काय नसेलच. माणसां विसरतात गो. नंतर बोर्डाच्या मिटिंगीत तुझा नाव मी ठेवतो प्रमुखाला. माझो शब्द.”

आप्पा मधाळ बोलायचे. पंचक्रोशीतला अर्धा आंबा त्या बोलण्यावरच सोसायटीत यायचा. निशिगंधाला त्यांचा राग होता, पण ती जागाही हवी होती. पगाराचा फरक फारसा नव्हता. तिला परत प्रमुख म्हणून त्या लाइनवर उभं राहायचं होतं, एवढंच. ती हो म्हणाली.

मग ती मयेकरांकडे गेली. सागरगंधकडून आलेली दीपकची माहिती त्यांनी तिला वाचून दाखवली आणि हातातल्या पेन्सिलीने चटाचट शब्द उडवले. ‘द्रष्टे’ गेलं, ‘तडफदार’ गेलं. सोसायटीतल्या नोकरीची ओळ आली तेव्हा त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“ही राहू दे का, सर?” निशिगंधाने विचारलं. “खरीच आहे.”

“खरी आहे म्हणूनच नको,” मयेकर म्हणाले. “तू म्हणालीस की टोमणा होतो, दुसरा कुणी म्हणाला की बढाई. जुनं घर सांगायचं नाही. नंतर एखादा तपशील राहिला असं वाटलं, तर आभाराच्या आधी सांगता येतो. पण तपशीलच हं, मत नाही.”

मेळाव्याच्या दिवशी शहरातल्या त्या हॉटेलचा हॉल सकाळपासून भरलेला होता. जानेवारी म्हणजे बागायतदारांचा मोहोर निरखायचा महिना, तरी मंडळी देवगडापासून आली होती, कारण जेवण सुरमईचं होतं. आप्पा पहिल्या रांगेत पांढराशुभ्र शर्ट घालून बसले होते. दीपक व्यासपीठावर आला, निशिगंधाला बघून थबकला आणि मग हात जोडून म्हणाला, “अरे वा, मॅडम, तुम्ही! म्हणजे मी सुरक्षित हातांत आहे.” आसपासचे दोघं-तिघं हसले. तीही हसली. चार वर्षांत ती हे हसणं चांगलं शिकली होती.

परिचय तिने दिला तो मयेकरांनीही मान डोलवावी असा. “आजचे वक्ते श्री. दीपक खातू. अन्नतंत्रज्ञानात पदवी. सध्या सागरगंध फूड्स इथे जनरल मॅनेजर. डबाबंद आमरसात होणारे बिघाड आणि ते टाळण्याचे उपाय, या विषयावर ते बोलतील. भाषणानंतर प्रश्नांना वेळ राखून ठेवलेला आहे. मी त्यांना विनंती करते.” आवाज कापला नाही, सपाटही झाला नाही. आप्पांनी खालून मान हलवली. आपली जागा आपल्याला परत मिळणार, असं त्या क्षणी निशिगंधाला अगदी मनापासून वाटलं. तिला बरंही वाटलं.

दीपक चांगलं बोलायचा. खोटं बोलणाऱ्यांना ही देणगी बहुधा असतेच. डबा कशामुळे फुगतो ते त्याने सोपं करून सांगितलं. रस थंड भरला तर आत जंतू जिवंत राहतात, झाकणाच्या कडेची शिवण नीट बसली नाही तर बाहेरून शिरतात, पत्र्याला आंबट रस लागला तरी वायू होतो. सगळं बरोबर होतं. यातलं निम्मं त्याला आपणच शिकवलं, हे निशिगंधाला बसल्या बसल्या आठवत होतं. ते तिने सोडून दिलं. शिकवलेलं कुणी परत मागतं का?

आणि मग तो म्हणाला, “एक उदाहरण देतो. संस्थेचं नाव घेत नाही, ते बरं नाही. इथल्याच एका कारखान्यात काही वर्षांपूर्वी रस तापलेला नसताना भरला गेला. का? तर क्वालिटीच्या बाई जागेवर नव्हत्या. थर्मामीटर कपाटात आणि बाई गप्पांत. यंत्र चुकत नाही, मित्रांनो. माणूस चुकतो.”

हॉलमध्ये खसखस पिकली. माना वळल्या. संस्थेचं नाव न घेण्याचा त्याचा तो सभ्यपणा म्हणजे निव्वळ ढोंग होतं, कारण हॉलमध्ये ते नाव माहीत नसलेला एकच माणूस होता, एसी दुरुस्त करायला आलेला. निशिगंधा व्यासपीठावर खुर्चीत बसून होती, सगळ्यांना दिसेल अशी. तिने आप्पांकडे पाहिलं. आप्पा वर पंख्याकडे बघत होते. हॉलला पंखे नव्हते, तरी बघत होते.

टाळ्या झाल्या. तिला उठून माइकपाशी जाणं भाग होतं. “आता प्रश्न घेऊ,” ती म्हणाली. आपला आवाज ऐकून तिलाच नवल वाटलं.

मागून दादू नागवेकर उठला. जाकादेवीकडे त्याची स्वतःची छोटी कॅनिंग होती आणि त्याला कुणाचं काही पडलेलं नसायचं. “खातूसाहेब, ता बायचा ठीक हाय. पन कारखान्यात वर मॅनेजर असतो ना? बाय गप्पांत व्हती तं तो खंय व्हता?”

पुन्हा हशा झाला, पण या खेपेला जरा वेगळा.

“मॅनेजर असेलच की,” दीपक हसत म्हणाला. “पण पन्नास कामं असतात त्याला. तापमान बघणं हे क्वालिटीचं काम. प्रत्येकाने आपापलं काम केलं तर मॅनेजरला धावावं लागत नाही.”

दादू खाली बसला. दुसरा हात वर आला नाही. निशिगंधाने माइक धरला. प्रश्न विचारायचा नाही, मत द्यायचं नाही. पण तपशील? आयुष्यात इतकं मोजून-मापून ती कधी बोलली नव्हती.

“आभारांपूर्वी एक तपशील,” ती म्हणाली. “परिचयात तो राहिला होता. वक्त्यांनी ज्या कारखान्याचं उदाहरण दिलं, तिथे त्या वेळी श्री. खातू स्वतः वर्क्स मॅनेजर होते. त्यामुळे त्या दिवशी लाइन कुणी चालू ठेवली, याबद्दल ते अधिकाराने सांगू शकतील. दादूंच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना पूर्ण करायचं असेल तर वेळ आहे.”

एक विशेषण नव्हतं त्यात. आवाज चढला नव्हता. मयेकरांनी पेन्सिल खाली ठेवली. दीपकचा चेहरा उतरला, अगदी खराखुरा उतरला. ते बघून निशिगंधाच्या छातीतलं चार वर्षांचं काहीतरी हललं. आता बोल, ती मनात म्हणाली. बोल की.

दीपक पाणी प्यायला. ग्लास ठेवायला त्याने जरा वेळ घेतला. मग तो माइकजवळ आला, आणि तिने पाहिलं तर त्याचे डोळे ओले होते.

“ताईंनी सांगितलं ते बरं झालं,” तो म्हणाला. “मी मुद्दामच बोललो नव्हतो. एका सहकारी भगिनीचं नाव झाकलेलं राहावं, एवढीच इच्छा होती. पण आता त्यांनीच विषय काढला, तर हो, मॅनेजर मी होतो. आणि हाताखालच्या माणसाची चूक ही शेवटी साहेबाची चूक. मी त्या दिवशी त्यांच्यावर विश्वास टाकला, हीच माझी चूक. त्यांच्या वतीने आज मी सगळ्यांची क्षमा मागतो.” आणि त्याने हात जोडले.

आधी एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. भाषणाला पडल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या आता पडल्या. पुढच्या रांगेतला एक म्हातारा बागायतदार शेजाऱ्याला म्हणाला, “माणूस मोठो हां,” आणि ते व्यासपीठापर्यंत ऐकू आलं. दादू नागवेकरसुद्धा वाजवत होता. आप्पाही वाजवत होते, हात जरा उंच धरून.

निशिगंधा माइकजवळ उभी होती. तिला न विचारताच तिच्यावर माफी लादली गेली होती, आणि माफीशी भांडता येत नाही. आरोप केला असता तर उत्तर देता आलं असतं. बॉयलरचं सांगता आलं असतं, फोनचं, पुण्याच्या गाडीचं. पण हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला खोटारडा म्हणणारी बाई कशी दिसते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. काहीतरी बोलायला म्हणून तिने तोंड उघडलं. मयेकरांनी बसल्या जागेवरून मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

“श्री. खातू यांनी वेळ काढून मार्गदर्शन केलं,” ती म्हणाली, “त्याबद्दल मंडळाच्या वतीने मी त्यांचे आभार मानते.”

जेवणाच्या रांगेत दीपक तिच्याजवळ आला. डोळे आता कोरडे होते. “परिचय सुरेख दिलात, मॅडम,” तो हळूच म्हणाला. “शेवटचं नसतं बोललात तर दोघांचंही झाकलं गेलं असतं. मी तुम्हाला अडकवणार नव्हतो.” तो सुरमईच्या दिशेने गेला, आणि वाटेत तिघांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

ताट न घेताच ती बाहेर व्हरांड्यात आली. मागून आप्पा आले. त्यांनी बडीशेप तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळली.

“निशी, ता तू बोलायला नको व्हतंस,” ते म्हणाले. “लोक विसरले व्हते गो. आता परत ताजा झाला. मिटिंगीत तुझा नाव ठेवला तं लोक माझ्यावर हसतील. यंदा ऱ्हावं दे. पुढच्या वर्षी बघू.”

“आप्पा,” ती म्हणाली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिने त्यांच्याकडे सरळ बघितलं. “लाइन चालू ठेव, हे त्या दिवशी कोण म्हणालं, ते तुम्हाला माहीत आहे.”

ते चिडतील, नाहीतर आजूबाजूला बघतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी तसलं काही केलं नाही. नातीची समजूत काढावी तसे ते मऊपणाने हसले.

“माहीत हाय की. कसा माहीत नाय? बोर्डातली सगळी सांगत व्हती, हिला काढा. मी एकटो उभो राह्यलो. म्हटलं, नाय, बाय खरी हाय, तिची चूक नाय, तिला काढायची नाय. तुला काय वाटला, तू चार वर्सा नोकरीत अशीच ऱ्हायलीस?”

आत पुढच्या सत्राची घंटा वाजली. लोक हात पुसत हॉलकडे निघाले. आप्पा मात्र हलले नाहीत. चेहऱ्यावर तेच मऊ हसू ठेवून ते तिच्याकडे बघत उभे राहिले, आणि ते कशासाठी थांबलेत हे कळायला निशिगंधाला थोडा वेळ लागला. तिने आभार मानावेत म्हणून ते थांबले होते.

तिने ते मानले नाहीत.